कामाच्या माणसाला काय लिहायचं?

"कामाचा माणूस आहे, सांभाळून घ्या." हे वाक्य मी नोकरीत असंख्य वेळा ऐकलं आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःही अनेकदा उच्चारलं. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारींचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स विभागाचा प्रमुख होतो. तिथे ज्याला आम्ही वर्षानुवर्षं सांभाळून घेतलं, त्याला शेवटी एक लेखी अभिप्राय द्यावा लागला. तो लिहिताना मी आधी चुकलो, मग सावरलो. त्या चुकण्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. 'काम उत्तम, वागणूक वाईट' अशी दोन रकान्यांची मांडणी आपण करतो तिथेच सगळं बिघडतं. वागणूक हा कामाचाच भाग आहे, आणि चिठ्ठीत तसं दाखवता आलं नाही तर ती चिठ्ठी लिहून काही उपयोग होत नाही.

आमच्या दुसऱ्या पाळीला एक शिफ्ट इंजिनिअर होता. तिशीच्या आतबाहेरचा, डिप्लोमा झालेला आणि हाताला विलक्षण गुण असलेला. बंद पडलेल्या प्रेससमोर तो उभा राहिला की यंत्र सुरू होणारच, असा प्रॉडक्शनवाल्यांचा विश्वास होता. बिघाड दुरुस्त व्हायला सरासरी किती मिनिटं लागली, याचा पाळीनिहाय तक्ता दर महिन्याला भिंतीवर लागायचा आणि त्यात त्याचा आकडा कायम सगळ्यांत कमी असायचा. जुन्या 400 टनी प्रेसच्या पीएलसीचा, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाचा, प्रोग्रॅम तर त्याच्याशिवाय कुणाला नीट वाचताच येत नव्हता. इतरांना जी चूक तासभर सापडत नसे ती तो पॅनेलचं दार उघडून, दोन रिले पाहून सांगायचा. हे सगळं खरं होतं, आणि त्याच्याविषयी पुढे जे लिहितो आहे ते वाचतानाही ते खरंच राहतं.

पण तो ऑपरेटरवर ओरडायचा, तेही चारचौघांत. "बटण दाबायचं काम तुझं, डोकं चालवायचं नाही," हे त्याचं नेहमीचं वाक्य. दुसऱ्या इंजिनिअरने केलेलं काम दिसलं की "ही वायरिंग आहे की गुंतवळ?" असं हेल्परांसमोर विचारायचा. पाळी बदलताना आधीच्या पाळीच्या लॉगबुकात लाल पेनाने शेरे मारायचा. लोक माझ्याकडे यायचे, कुरकुर करायचे आणि मी त्यांना ते वाक्य ऐकवायचो: कामाचा माणूस आहे.

टीपीएम म्हणजे यंत्राच्या देखभालीत ऑपरेटरलाही सामील करून घेणारी पद्धत. ती राबवणाऱ्या कारखान्यांत यंत्रावर काही वावगं दिसलं की ऑपरेटर तिथे टॅग अडकवतो. त्याला स्वतःला निस्तरता येण्यासारखं असेल तर पांढरा, मेंटेनन्सच्या माणसाची गरज असेल तर लाल. तेल गळतंय, बोल्ट ढिला आहे, नेहमीपेक्षा वेगळा आवाज येतोय, असल्या बारीकसारीक गोष्टी. यंत्र बंद पडण्याआधी ते जे काही सांगत असतं, ते ऐकण्याची ही व्यवस्था. दुसऱ्या पाळीत लाल टॅग सगळ्यांत कमी लागत होते. मी तो आकडा पाहायचो आणि समजायचो, याच्या पाळीत यंत्रं चांगल्या अवस्थेत आहेत.

मग एका शुक्रवारी रात्री 250 टनी प्रेसचा क्लच गेला. अशा प्रेसमध्ये क्लच हवेच्या दाबावर पकडतो. हवा आत नेणाऱ्या फिरत्या जोडातलं सील गळायला लागलं की दाब पुरेसा पोचत नाही, क्लच पूर्ण पकडण्याऐवजी थोडा घसरतो, घसरला की तापतो आणि तापला की लायनिंग झिजत जातं. हे एका रात्रीत होत नाही. आधी काही दिवस फुसफुस ऐकू येते. सील वेळेवर बदललं असतं तर तासाभराचं काम होतं. आता लायनिंगच संपलं होतं आणि प्रेस 9 तास बंद राहिला. आमचा इंजिनिअर रात्रभर राबला, हात काळे करून त्याने तो सकाळी सुरू केला, आणि सकाळच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं.

दोन दिवसांनी मी त्या प्रेसच्या ऑपरेटरला सहज विचारलं, आधी काही जाणवलं नव्हतं का? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चार दिवस फुसफुस येत होती, साहेब."

"मग टॅग का नाही लावलास?"

"मागच्या महिन्यात आवाज येतोय म्हणून सांगितलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, कानात बोळे घाल आणि माल काढ. तेव्हापासून ठरवलं, बंद पडल्यावरच बोलवायचं."

त्या एका वाक्याने माझे दोन्ही तक्ते उलटे झाले. लाल टॅग कमी होते, कारण लोक ते लावत नव्हते. दुरुस्तीचा सरासरी वेळ कमी होता, कारण तो वेळ यंत्र बंद पडल्यानंतर मोजायला सुरुवात होते. बंद पडण्याआधीचे ते चार दिवस कुठल्याच रकान्यात येत नव्हते. ज्या बिघाडाबद्दल मी त्याला शाबासकी दिली, त्या बिघाडाला त्याच्या तोंडचं महिन्याभरापूर्वीचं एक वाक्य काही अंशी तरी जबाबदार होतं.

पुढे वाचनात आलं की हेच रुग्णालयांत दिसून आलेलं आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात परिचारिकांच्या पथकांकडून औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या पथकांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. पण ज्या पथकांचं नेतृत्व चांगलं आणि वातावरण मोकळं, तिथे नोंदवलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथली माणसं चुका लपवत नव्हती, म्हणून त्या कागदावर दिसत होत्या. 1996 साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला दहा वर्षं आधी माहीत असता, तर कमी टॅग पाहून मी खूश झालो नसतो. एखाद्या उत्तम माणसाच्या वागण्याचा इतरांवर काय परिणाम होतोय हे पाहायचं असेल तर तक्रारी मोजू नका. त्याच्या पाळीत, त्याच्या टेबलावर, त्याच्या वर्गात काय सांगायचं बंद झालंय ते शोधा.

आता चिठ्ठीकडे येतो. पहिला मसुदा मी कंपनीच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजीत लिहिला होता. मराठीत सांगायचं तर त्याचा अर्थ एवढाच होता: आपली तांत्रिक कामगिरी उत्कृष्ट आहे, मात्र आपला स्वभाव तापट असून सहकाऱ्यांशी सुसंवाद साधण्यात सुधारणेस वाव आहे. त्याने ती वाचली, घडी घातली आणि म्हणाला, "सर, स्वभावाला औषध नाही."

तो उर्मटपणे बोलला असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं की त्याने माझ्या चिठ्ठीचं अचूक परीक्षण केलं होतं. मी त्याच्या स्वभावाविषयी लिहिलं होतं, आणि स्वभाव बदलायला सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. उद्या दुपारी साडेतीनला पाळी सुरू झाल्यावर नेमकं काय वेगळं करायचं, याचं उत्तर त्या ओळींत नव्हतं. शिवाय 'मात्र' या शब्दाने आधीचं कौतुक पुसून टाकलं होतं. कौतुक, मग टीका, मग पुन्हा कौतुक अशी थापटून बसवलेली रचना व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांत शिकवतात. ज्याला कानउघाडणीची सवय नाही असा हुशार माणूस त्यातलं कौतुक ठेवून घेतो आणि मधलं फेकून देतो. ज्याला आपल्यावर अन्याय होतोय असं वाटतं तो कौतुकावरही विश्वास ठेवत नाही. दोन्ही बाजूंनी तोटाच.

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी 1996 साली अभिप्रायाच्या परिणामांवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी अभिप्रायानंतर काम आणखी खालावलं, असं त्यांना आढळलं. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून 'मी कसा आहे' या प्रश्नाकडे वळलं की अभिप्राय निकामी होऊ लागतो. माझा पहिला मसुदा नेमकं तेच करत होता. आणि आपल्याकडे वार्षिक मूल्यमापनात जे शब्द फिरत असतात, 'संघभावना', 'परिपक्वता', 'दृष्टिकोन', 'इंटरपर्सनल स्किल्स', ते सगळे माणसाच्या आत बोट दाखवणारे आहेत.

दुसरा मसुदा मी मराठीत लिहायचं ठरवलं. आमच्या दोघांचीही बोलण्याची भाषा मराठी, तो ज्यांच्यावर ओरडायचा त्यांचीही मराठी किंवा हिंदी. इंग्रजीत लिहिलं की 'अपमान केला' याचं 'संवादशैली' होऊन जातं. मराठीत तसं लपता येत नाही. 'कानात बोळे घाल' हे वाक्य कागदावर जसंच्या तसं आलं की लिहिणारा आणि वाचणारा दोघेही त्याकडे पाहतात.

त्याआधी दोन आठवडे मी माहिती गोळा केली, आणि इथे एक अडचण होती जिच्याकडे बहुतेक वरिष्ठ दुर्लक्ष करतात. तक्रार करणाऱ्याचं नाव चिठ्ठीतून कळलं तर त्याची उरलेली पाळी अवघड होते. नाव न घालता 'काही सहकाऱ्यांना असं वाटतं' लिहिलं तर ज्याला चिठ्ठी द्यायची तो पहिल्यांदा 'कोण बोललं' याच्या शोधाला लागतो. म्हणून मी फक्त असेच प्रसंग निवडले जे अनेकांसमोर घडले होते किंवा लेखी उरले होते. लाल पेनाचे शेरे लॉगबुकात होते. वायरिंगचं वाक्य मी स्वतः ऐकलं होतं. बोळ्यांचं वाक्य सहासात जणांसमोर उच्चारलं गेलं होतं, त्यामुळे ते मला कुणी सांगितलं हा प्रश्नच उरत नव्हता. तरीही त्या ऑपरेटरला मी आधी विचारलं, हा प्रसंग लिहिला तर चालेल का? तो 'नको' म्हणाला असता तर मी तो गाळला असता.

आणखी एक गाळणी लावावी लागली. तक्रारींत एक अशीही होती की हा 'प्रॉडक्शनला सहकार्य करत नाही'. खोलात गेल्यावर कळलं की महिन्याअखेरीच्या घाईत कुणीतरी त्याला प्रेससमोरचा लाइट कर्टन बायपास करायला सांगितला होता आणि तो नाही म्हणाला होता. लाइट कर्टन म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा. हात आत गेला की प्रेस थांबतो. तो बंद करून माल काढणं म्हणजे कुणाच्या तरी बोटांशी खेळ. तिथे त्याचं नाही म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि लोक दुखावले होते तेही त्याच 'नाही'मुळे. सहकारी नाराज आहेत एवढ्यावरून कुणाला दोषी धरू नये, हे मला या प्रकरणाने शिकवलं. माणूस कामाची पातळी राखतोय म्हणून राग आहे, की माणसाला कस्पटासमान लेखतोय म्हणून, हे वेगळं काढल्याशिवाय लेखणी उचलणं धोक्याचं. ही निवड न करता लिहिलेली चिठ्ठी त्याला एवढंच शिकवते की पुढच्या वेळी बायपास करून टाक, लोक खूश राहतील.

चिठ्ठी शेवटी अशी झाली. काही तपशील बदलून देतो आहे.

"गेल्या वर्षभरात दुसऱ्या पाळीतले मोठे बिघाड तुम्ही सोडवलेत. 400 टनी प्रेसचा प्रोग्रॅम तुमच्याशिवाय कुणाला येत नाही. लाइट कर्टन बायपास करायला तुम्ही नकार दिलात, तो योग्य होता आणि पुढेही द्या. त्यासाठी आवाज चढवावा लागला तरी मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

ही चिठ्ठी तीन प्रसंगांविषयी आहे. गेल्या महिन्यात 250 टनी प्रेसच्या ऑपरेटरने आवाज येतोय असं सांगितलं तेव्हा तुम्ही सहासात जणांसमोर 'कानात बोळे घाल आणि माल काढ' म्हणालात. त्यानंतर त्या प्रेसवर दुसऱ्या पाळीत एकही लाल टॅग लागलेला नाही. क्लच गेला त्याआधी चार दिवस फुसफुस ऐकू येत होती आणि ती कुणी सांगितली नाही. दुसरा प्रसंग, पहिल्या पाळीच्या इंजिनिअरने केलेल्या पॅनेलच्या कामाला तुम्ही हेल्परांसमोर 'गुंतवळ' म्हणालात. त्या कामात चूक होती, ती तुम्ही दुरुस्त केलीत, पण चूक काय होती हे त्याला अजून माहीत नाही. तिसरा, लॉगबुकातले लाल शेरे. ते सुरू झाल्यापासून पहिल्या पाळीच्या नोंदी दोन ओळींवर आल्या आहेत आणि त्याचा त्रास रात्री तुम्हालाच होतो.

दुसऱ्या प्रसंगी मी तिथे हजर होतो आणि काही बोललो नाही. ती माझी चूक आहे.

पुढच्या तीन महिन्यांत मला हे हवं आहे. ऑपरेटरने काहीही सांगितलं की त्याच पाळीत यंत्रापाशी जाऊन त्याच्यासोबत पाहायचं आणि टॅगवर काय केलं ते लिहायचं. त्याचं म्हणणं चुकीचं निघालं तरी. दुसऱ्याच्या कामातली चूक त्याला एकट्याला दाखवायची, यंत्रापाशी, त्याच दिवशी. लॉगबुकात फक्त यंत्राविषयी लिहायचं.

माझ्याकडून तुम्हाला हे मिळेल. दुसऱ्या पाळीला रात्री स्टोअर बंद असतं, त्यामुळे सील आणि सेन्सर हाताशी नसतात ही तुमची तक्रार खरी आहे. या महिन्यापासून मेंटेनन्सच्या कपाटात नेहमी लागणारे सुटे भाग ठेवले जातील. 400 टनी प्रेसचा प्रोग्रॅम शिकायला तुमच्यासोबत एक इंजिनिअर देत आहे.

दर पंधरा दिवसांनी आपण दोघं दुसऱ्या पाळीचे टॅग एकत्र पाहू. टॅग वाढले तर मी ते चांगलं समजेन. या वर्षीच्या पगारवाढीवर या चिठ्ठीचा परिणाम होणार नाही, कारण हे मी तुम्हाला याआधी लेखी सांगितलेलं नाही. सेक्शन इनचार्जच्या पदासाठी तुमचं नाव मला द्यायचं आहे. चारचौघांत अपमान करण्याचे प्रसंग चालू राहिले तर ते मी देणार नाही, आणि तेव्हा कारण हेच लिहीन."

यातल्या काही ओळींवर माझ्या सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला होता. मनुष्यबळ विभागातल्या बाईंचं म्हणणं, 'ती माझी चूक आहे' हे वाक्य काढा, उद्या तो तेच धरून बसेल. मी ते काढलं नाही. तीन वर्षं जे खपवून घेतलं ते अचानक गुन्हा ठरवायचं असेल तर खपवून घेणाऱ्याने आपला वाटा कबूल करायला हवा. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी कान भरले, आणि ते वाटणं साहजिक असतं. दुसरा आक्षेप सुट्या भागांच्या कपाटाचा: शिस्तीच्या चिठ्ठीत आपण देणं का कबूल करायचं? माझं उत्तर असं की रात्री अकरा वाजता बारक्या सीलसाठी स्टोअरकीपरला घरी फोन करावा लागणारा माणूस चिडका होतो, यात नवल नाही. त्याने ऑपरेटरचा अपमान करण्याला ते समर्थन ठरत नाही. पण चिडण्याचं कारण आपल्या हातात असून आपण ते तसंच ठेवलं, तर त्याच्याकडून बदल मागायचा अधिकार कमी होतो.

प्रोग्रॅम शिकायला दुसरा माणूस देण्याची ओळ मी मुद्दाम ठेवली आणि तिचं कारणही त्याला तोंडावर सांगितलं. तो गेला तर प्रेस बंद पडेल ही भीती आम्हा सगळ्यांना होती. त्या भीतीपोटीच आम्ही गप्प बसत होतो. ती परवडणारी नव्हती. एकाच माणसाच्या डोक्यात यंत्राचं ज्ञान अडकून राहणं हा व्यवस्थापनाचा दोष असतो, आणि तो निस्तरल्याशिवाय लिहिलेला अभिप्राय पोकळ धमकी होतो. दोघांनाही माहीत असतं की पुढे काही घडणार नाही.

पगारवाढीच्या ओळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे आपल्याकडचा जुना रोग आहे. सरकारी नोकरीत पिढ्यान्‌पिढ्या 'गोपनीय अहवाल' चालत आला. ज्याच्याविषयी लिहायचं त्यालाच तो एरवी दिसायचा नाही, फार तर प्रतिकूल शेरे कळवले जायचे. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ठरवलं की अहवालातली प्रत्येक नोंद, ती चांगली असो वा वाईट, त्या कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. देव दत्त सीमा रस्ते विभागात कार्यकारी अभियंता होते. एका वर्षी त्यांना 'चांगला' असा शेरा मिळाला होता. ऐकायला बरा, पण बढतीसाठी 'अतिशय चांगला' लागत होता आणि त्या एका न कळवलेल्या शेऱ्याने त्यांची वाट अडवली. हा निकाल सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या सेवेपुरता आहे, खासगी कारखान्याला तो बांधील करत नाही. तरी त्यामागचा न्याय मला सगळीकडे लागू वाटतो. जे सांगितलंच नाही त्यासाठी शिक्षा करू नये. वर्षभर तोंडावर शाबासकी द्यायची आणि मार्चमध्ये बंद दाराआड 'वागणूक' या नावाखाली गुण कापायचे, हे आपल्या खासगी कंपन्यांत सर्रास चालतं. त्यातून माणूस सुधारत नाही. तो एवढंच शिकतो की इथे समोर कुणी खरं बोलत नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काही वागणं अशा चिठ्ठीत बसत नाही. कुणी जातीवरून बोललं, बाईमाणसाशी लघळपणा केला, अंगावर हात टाकला, तर तिथे 'तीन महिन्यांत मला हे हवं आहे' अशी भाषा वापरणं हा त्या पीडित व्यक्तीवर दुसरा अन्याय आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि तक्रार तिच्याकडेच जायला हवी. विभागप्रमुखाने ती आपल्या खोलीत 'समजावून' मिटवू नये, मग आरोपी कितीही कामाचा असो. मी जे लिहितो आहे ते त्या मर्यादेच्या अलीकडच्या वागण्याविषयी: टोचून बोलणं, तुच्छ लेखणं, चारचौघांत लाज काढणं. त्याने पोलिसांत जाता येत नाही, पण रोज थोडंथोडं काहीतरी बंद पडत जातं.

चिठ्ठी मी त्याला पाळी सुरू होण्याआधी दिली नाही. संतापलेल्या डोक्याने विजेच्या पॅनेलवर काम करायला पाठवणं बरोबर नव्हतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी, पाळी संपल्यावर दिली, आणि आधी मोठ्याने वाचून दाखवली. पहिला तास वाईट गेला. तो म्हणाला, त्या पॅनेलमध्ये न्यूट्रल ढिला ठेवला होता, एखादा मेला असता. मी म्हणालो, म्हणूनच त्याला सांगायला हवं होतं. तुम्ही हेल्परांना सांगितलंत, त्याला नाही. याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण क्लचच्या प्रसंगावर तो बराच वेळ गप्प राहिला. चार दिवस आधीची फुसफुस त्याला तेव्हाच पहिल्यांदा कळत होती. यंत्राचं दुखणं आपल्यापासून लपलं, हे त्याला अपमानाच्या आरोपापेक्षा जास्त लागलं. त्याच्यातला मेंटेनन्सचा माणूस तिथे जागा झाला असं मला वाटतं. मी त्याला चांगुलपणाचे धडे दिले असते तर तो ऐकून निघून गेला असता.

पुढचा महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. लाल शेरे लगेच थांबले, कारण ते थांबवणं सोपं होतं. ओरडणं थांबायला वेळ लागला. सहाव्या आठवड्यात एका हेल्परवर तो पुन्हा भडकला, आणि त्या वेळी मी जागेवरच त्याला बाजूला घेतलं, दोन मिनिटं बोललो, आणि ते पंधरवड्याच्या टिपणात लिहिलं. ऑपरेटरची माफी त्याने मागितली का, तर नाही. त्या ऑपरेटरने मला एवढंच सांगितलं की एका संध्याकाळी तो प्रेसपाशी आला, कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, "फुसफुस कुठून येत होती, दाखव बरं."

तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या पाळीचे लाल टॅग पहिल्या पाळीच्या बरोबरीला आले. दुरुस्तीचा सरासरी वेळ किंचित वाढला, कारण आता तो ऑपरेटरला सोबत घेऊन प्रत्येक बिघाडाला जास्त वेळ देत होता. भिंतीवरच्या तक्त्यात तो पहिल्यांदाच दुसऱ्या क्रमांकावर गेला. प्लँट हेडने बैठकीत विचारलं, याची कामगिरी घसरली का? मी तक्त्याशेजारी टॅगचा तक्ता लावला आणि सांगितलं की यापुढे हे दोन्ही एकत्रच पाहायचे. त्यावर चर्चा झाली, मतभेद झाले, आणि पुढच्या महिन्यापासून भिंतीवर दोन तक्ते लागू लागले. सेक्शन इनचार्जसाठी त्याचं नाव मी पुढच्या वर्षी दिलं. त्या अर्जासोबत ती चिठ्ठीही जोडली होती, त्याला विचारून.